जुन्या लाकडी खिडकीची दुरुस्ती: रंधा हातात घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

पहिल्या खिडकीला मी रंधा मारला. भर पावसाळ्यात ती अडकत होती, दणका दिल्याशिवाय बंद होत नव्हती, म्हणून कड तासून मोकळी केली. चार महिन्यांनी लाकूड वाळलं आणि बंद झडपेच्या फटीतून पेन्सिल आरपार जायला लागली. मग कळलं की अडकण्याचं कारण लाकूड नव्हतंच. वरच्या बिजागरीच्या तीन स्क्रूंपैकी दोन भोकात नुसते टेकून उभे होते.

त्यानंतर एकेक करत घरातल्या सहाही खिडक्या उतरवल्या आणि परत बसवल्या. त्यातल्या एका झडपेचं उदाहरण घेऊन सगळा क्रम सांगतो. झडप १२० सेंटिमीटर उंच, ४५ रुंद, एकावर एक तीन काचा. खालची काच तडकलेली, काच खाचेत पक्की धरणारा लगदा, म्हणजे लांबी, ठिकठिकाणी निखळलेली, खालचा कोपरा काळा पडलेला, आणि रंगाचे थर इतके की बिजागरीचे स्क्रू शोधावे लागत होते. बघणारे सगळे म्हणाले, काढून टाका आणि ॲल्युमिनियमची बसवा.

१. आधी नुसतं तपासा

दाभण किंवा बारीक टोकाचा पेचकस घ्या आणि झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत, तिच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि चौकटीच्या खालच्या पट्टीत टोचून बघा. खिडकी सडते ती बहुतेक वेळा इथेच, कारण वरून ओघळलेलं पाणी इथे येऊन थांबतं. टोक नुसतं आत गेलं म्हणून लाकूड गेलं असं समजू नका, मऊ जातीच्या चांगल्या लाकडातही ते थोडं जातंच. खरी खूण पुढे आहे. टोक तिरकं रोवून लाकडाचा तुकडा वर उचका. निरोगी लाकडाची लांब, धाग्यासारखी कपची निघते आणि तुटताना आवाज येतो. सडलेलं लाकूड आवाज न करता बिस्किटासारखं आखूड तुटतं. माझ्या झडपेत काळेपणा हातभर दिसत होता, पण सड निघाली जेमतेम ६ सेंटिमीटरची. बाकीचा नुसता डाग होता.

मग माप घ्या. झडपेचे दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत, आणि मग उलट. दोन्ही सारखे आले तर झडप काटकोनात आहे आणि दोष बिजागरीचा आहे. चार-पाच मिलिमीटरहून जास्त फरक आला तर झडपेचेच सांधे सैल झालेत. माझे कर्ण १२८.१ आणि १२८.२ सेंटिमीटर आले, म्हणजे झडप धडधाकट होती. पण वरची फट बिजागरीच्या बाजूला २ मिलिमीटर आणि मोकळ्या कडेला ४ मिलिमीटर होती, आणि खालचा कोपरा चौकटीला घासत होता. झडप पुढे लवली होती.

खात्रीसाठी झडप अर्धी उघडा, मोकळी कड हातात धरून वर उचला आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. पूर्ण बिजागरीच लाकडापासून हलली तर स्क्रू सैल आहेत. पानं जागेवर राहून मधली दांडी खडखडली तर बिजागरी झिजली आहे, ती बदलावी लागेल.

आता कुठे थांबायचं तेही सांगतो. चौकटीची उभी पट्टी वाळवीने आतून पोकळ केली असेल, म्हणजे हातोडीचा दांडा आपटला की ढब असा आवाज येत असेल, तर झडपेवर कष्ट घेण्यात अर्थ नाही. आधी वाळवीचा बंदोबस्त आणि चौकट, मग बाकीचं.

२. सामान

- बोथट पटाशी (चांगली पटाशी लांबी काढताना वाया घालवू नका), खरवडणी, लांबी भरायची पट्टी
- हीट गन, पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचे
- चुका, म्हणजे बारीक, बिनडोक्याचे खिळे, पकड, पेचकस, ड्रिल
- खडूची बारीक पूड (चॉक पावडर) आणि जवसाचं उकळलेलं तेल, म्हणजे बेलतेल
- लाकडाचा तेलातला प्रायमर आणि बाहेरच्या वापराचा ऑइल पेंट
- जलरोधक लाकडी गोंद, त्याच जातीच्या लाकडाचे तुकडे
- जाड हातमोजे, चष्मा, पी१०० दर्जाचा मास्क
- खिडकीची उघडी जागा झाकायला प्लायवूड किंवा जाड प्लास्टिक

शेवटची वस्तू लोक हमखास विसरतात. एका झडपेचं काम दोन ते तीन आठवडे चालतं, आणि त्यातला बराचसा वेळ नुसतं वाळण्यात जातो. म्हणून एका वेळी एकच झडप उतरवा.

३. झडप उतरवणं

झडपेखाली लाकडी पाचर सारा, म्हणजे वजन तिच्यावर येईल. आधी खालच्या बिजागरीचे स्क्रू काढा, वरची शेवटी. उलट केलंत तर झडप पुढे कलंडते आणि उरलेली बिजागरी लाकूड फोडून बाहेर येते.

रंगाने बुजलेला स्क्रू सरळ फिरवायला जाऊ नका, डोकं घसरलं की खेळ संपला. आधी दाभणाने डोक्यातल्या खाचेतला रंग उकरून काढा. मग पेचकस बसवून त्याच्या मागे हातोडीचा एक ठोका द्या, आणि स्क्रू आधी किंचित आवळा. त्या एवढ्याशा हालचालीने गंज सुटतो, नंतर तो निमूट बाहेर येतो. तरीही हलला नाही तर सोल्डरिंगची तापलेली सळई मिनिटभर डोक्यावर टेकवा आणि गार होऊ द्या.

कुठली बिजागरी कुठून निघाली ते तिच्या मागे खुणेने लिहा. जुन्या पितळी बिजागऱ्या एकसारख्या दिसतात, पण प्रत्येकीसाठी लाकडात खाच वेगळी कोरलेली असते.

४. जुना रंग

जुन्या खिडकीच्या तैलरंगात शिसं असू शकतं. तपासणी केलेली नसेल तर ते आहेच असं धरून चाला. म्हणून कोरडं घासायचं नाही आणि मशीनने तर मुळीच नाही, कारण शिशाची धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि घरभर बसते. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ओला घासा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या जागेच्या आसपासही नकोत. खाली प्लास्टिक अंथरा, निघालेली पापुद्री त्यातच गुंडाळून पिशवीत बंद करा, जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा.

हीट गनने जाड थर मऊ करून खरवडता येतात, पण तिचं तापमान ताब्यात ठेवा. साधारण ५९० अंश सेल्सिअसच्या वर शिशाची वाफ होण्याचा धोका वाढतो, आणि रंग सुटायला ३०० ते ४०० अंश पुरतात. रंग फुगला की लगेच खरवडा, धूर निघेपर्यंत थांबू नका. उघड्या ज्योतीचा बर्नर अजिबात नको.

सगळा रंग काढायलाच हवा असं नाही. घट्ट चिकटलेला थर राहू द्या, फक्त त्याच्या कडा घासून उतरत्या करा. मात्र झडपेची कड आणि चौकटीत ती जिथे टेकते ती बाजू लाकडापर्यंत साफ करा. कारण साधं आहे. ऑइल पेंटचा एक हात वाळला की साधारण ०.०४ मिलिमीटर जाडी देतो. वर्षानुवर्षं दहा हात बसले तर झडपेच्या कडेवर ०.४ आणि समोरच्या चौकटीवर ०.४ मिलिमीटर, म्हणजे एकेका फटीत ०.८ मिलिमीटर नुसता रंग. मूळ फट दोन-अडीच मिलिमीटरची. त्यात पावसाळ्यात लाकूड फुगलं की झडप अडकलीच. लोक इथे रंधा काढतात, आणि मीही काढला होता.

झडपेच्या आणि चौकटीच्या खालच्या पट्टीच्या तळाला बऱ्याचदा लांबलचक बारीक खोबण असते. ती पाणी तोडण्यासाठी असते. ओघळत आलेला थेंब तिथे आला की पुढे भिंतीकडे न जाता खाली पडतो. बहुतेक जुन्या खिडक्यांत ती रंगाने बुजलेली सापडते. तिच्यात पेचकसाचं टोक फिरवा, रंगाची अख्खी वात निघून येते.

५. जुनी लांबी आणि काच

जुनी काच किंचित लहरी असते, तिच्यातून बाहेरचं झाड हलल्यासारखं दिसतं. आजची सपाट फ्लोट काच १९५९ साली जाहीर झालेल्या पद्धतीने बनते. त्याआधीच्या खिडक्यांत असते ती फुंकून किंवा ओढून बनवलेली. ती फोडलीत तर तशी मिळणं अवघड, म्हणून चांगली काच शक्यतो जागेवरच राहू द्या. माझ्या वरच्या दोन काचा मी काढल्याच नाहीत. सुटलेली लांबी तेवढी उचकली आणि तिथेच नवी भरली.

तडकलेली काच काढताना हातमोजे आणि चष्मा घालूनच बसा. काचेवर आडवी-उभी चिकटपट्टी मारा, म्हणजे तुकडे उडणार नाहीत. दगड झालेली लांबी पटाशीने ठोकत बसलात तर शेजारची काच जाते. हीट गनने मऊ करायची तर जवळच्या काचेवर पुठ्ठ्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून आडोसा धरा आणि गन एका जागी थांबवू नका. काच एका बाजूला तापली आणि दुसरीकडे गार राहिली की तडकते. लांबी मऊ झाली की पटाशी लाकडाच्या बाजूला टेकवून सरकवा, काचेला टेकवून नाही. आत जुन्या चुका सापडतील, त्या पकडीने ओढा. खाच मोकळी करून ब्रशने झाडा.

नव्या काचेचं माप खाचेत तीन ठिकाणी घ्या. माझी रुंदी वर ३३.०, मधे ३३.२ आणि खाली ३२.९ सेंटिमीटर भरली. यातलं सर्वांत लहान माप धरायचं आणि त्यातून ३ मिलिमीटर वजा करायचे, म्हणजे ३२.६. उंचीलाही तेच. कमी केलेले हे ३ मिलिमीटर म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर मोकळी जागा, जी लाकूड फुगताना काचेला वाचवते. दुकानात जाण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठा कापून खाचेत बसवून बघा. खाच तिरपी असेल तर पुठ्ठा लगेच सांगतो.

६. सडलेला कोपरा

सड जिथे संपते तिच्या दोन सेंटिमीटर पुढे, चांगल्या लाकडापर्यंत कापा. माझ्याकडे ६ सेंटिमीटर सड होती, मी ८ कापलं. नवा तुकडा त्याच जातीचा, पूर्ण वाळलेला, आणि रेषा जुन्या लाकडाच्या रेषेला समांतर जाणाऱ्या असाव्यात. जोड तिरका घ्या आणि उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी जोडात शिरण्याऐवजी त्यावरून घसरेल. जलरोधक गोंद लावून रात्रभर आवळून ठेवा.

लाकडाचा भुसा आणि पांढरा गोंद कालवून खड्डा भरण्याचा उपाय सगळे सांगतात. घरातल्या कपाटाला तो चालतो. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला वर्षभरात ओल धरून तो फुगतो, आणि खालचं लाकूड आणखी सडवतो. तसंच कोपऱ्यावर लोखंडी एल-पट्टी ठोकणं. सडलेल्या लाकडाला स्क्रू धरत नाही, मग पट्टी कोणाला धरणार?

७. बिजागऱ्या, काच बसवायच्या आधी

सांधे आणि कोपरा पक्के झाले की काच न बसवता झडप एकदा टांगून बघा. हलकी असते, दहा वेळा काढायची-घालायची म्हटली तरी हरकत नाही.

सैल झालेल्या भोकात काडेपेटीची काडी कोंबणं हा दोन महिन्यांचा उपाय आहे. भोक ८ मिलिमीटरच्या ड्रिलने साफ करा, त्यात घट्ट बसणारी कठीण लाकडाची खुंटी गोंद लावून ठोका, वाळल्यावर पृष्ठभागाला सपाट कापा. मग ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी अडीच मिलिमीटरचं नवं भोक पाडा. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, तो काढा, मग पितळी स्क्रूला मेण लावून बसवा. पितळ मऊ असतं. सरळ घुसवायला गेलं की मान मोडते आणि अर्धा स्क्रू लाकडातच राहतो.

स्क्रू पक्के होऊनही झडप थोडी लवलेली राहिली तर खालच्या बिजागरीमागे पातळ पुठ्ठ्याची पट्टी घाला. वरची नाही, खालची. खालची बाजू चौकटीपासून थोडी बाहेर ढकलली की मोकळी कड वर उचलली जाते. माझ्या बिजागऱ्यांमध्ये अंतर ८० सेंटिमीटर आणि झडप ४५ रुंद, म्हणजे एक मिलिमीटर पुठ्ठ्याने मोकळी कड साधारण अर्धा मिलिमीटर वर. मला पुठ्ठ्याची गरजच पडली नाही. खुंट्या बसवल्यावर वरची फट दोन्ही टोकांना अडीच मिलिमीटर आली. रंध्याचा एक हातही मारावा लागला नाही.

बिजागऱ्यांवरचा रंग काढायला त्या जुन्या पातेल्यात (जे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही) गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. रंग टोपीसारखा निघतो. कोरडं करून दांडीला तेलाचा थेंब सोडा.

८. लांबी भरणं

इथला सापळा मोठा आहे. दुकानात पुट्टी मागितलीत तर भिंतीची पुट्टी हातात पडेल. ती सिमेंटची असते, लाकूड हललं की पापुद्रे सोडते. काचेला लागते ती तेलातली लांबी. तयार मिळाली तर उत्तम, नाहीतर घरी करा: एक किलो चॉक पावडर आणि १५० ते २०० ग्रॅम बेलतेल. तेल थोडं थोडं घालत कणकेसारखं मळा. बोटाला चिकटत असेल तर पावडर कमी पडली. वळी करताना कडेला चिरा पडत असतील तर तेल. प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी ती बरीच ऐकते.

खाचेला आधी प्रायमरचा एक हात द्या आणि वाळू द्या. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं, उरते ती नुसती खडूची भुकटी. वर्षभरात निखळणाऱ्या लांबीमागे बहुतेक वेळा हीच चूक असते.

प्रायमर वाळला की खाचेच्या तळाला लांबीची पातळ वळी लावा, तिच्यावर काच ठेवा आणि मधे नाही तर कडांवर दाबा. मागून दोनेक मिलिमीटरचा थर राहिला पाहिजे. प्रत्येक बाजूला दोन-दोन चुका काचेला समांतर ठोका. हातोडीपेक्षा पटाशीची बाजू काचेवरून सरकवत ठोकणं सोपं जातं. मग बाहेरून लांबी भरा आणि पट्टी एका दमात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढा. उतार असा हवा की पाणी थांबणार नाही. वरची रेघ आतल्या लाकडाच्या कडेपेक्षा एक-दोन मिलिमीटर खालीच ठेवा, का ते रंगाच्या वेळी कळेल. पहिली कड वाकडी येतेच. खरवडून परत ओढा, लांबी तासभर तरी ऐकते.

आता थांबायचं. एक ते दोन आठवडे. अंगठ्याने हलकं दाबून बघा. ठसा उमटला तर अजून वेळ आहे. घाईने रंग दिलात तर रंग वर वाळतो, खाली लांबी हलत राहते आणि सुरकुत्या पडतात.

आणि तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या फडक्यांच्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. एकेक फडकं बाहेर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

९. रंग

प्रायमरचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन, सगळे पातळ. प्रत्येक हातानंतर २२० नंबरने अलगद घासा आणि पुसा. लांबीवर रंग मारताना ब्रश काचेवर दोनेक मिलिमीटर येऊ द्या. लांबी आणि काचेच्या मधली केसाएवढी फट त्या रंगानेच बंद होते, आणि रेघ खाली ठेवली असल्याने आतून ती दिसत नाही. चिकटपट्टी लावून काच अगदी कोरी ठेवणारे नेमकी हीच फट उघडी ठेवतात.

झडपेची खालची कड रंगवायला विसरू नका. ती कोणाला दिसत नाही म्हणून रंगारीही सोडून देतात, पण उभ्या पट्ट्यांची टोकं तिथेच उघडी असतात आणि लाकूड टोकातूनच सर्वांत जास्त पाणी पितं. माझ्या काळ्या कोपऱ्याची कड उलटून बघितली, तिला कधीही ब्रश लागलेला नव्हता. बिजागरी मात्र रंगवू नका, आणि दोन्ही कडांचा रंग पूर्ण वाळेपर्यंत झडप बंद करू नका.

आडव्या पट्ट्यांच्या, हवा खेळवणाऱ्या झडपा असतील तर क्रम हाच, एवढाच फरक की फिरत्या पट्ट्यांच्या टोकांना रंग किंवा गोंद जाऊ द्यायचा नाही. आधी पट्ट्यांच्या मागच्या बाजू रंगवा, मग पुढच्या, चौकट शेवटी, आणि वाळेपर्यंत अधूनमधून पट्ट्या हलवत राहा.

१०. वर्षातून एकदा

पाऊस सुरू होण्याआधी एका खिडकीला दहा मिनिटं द्या. लांबीच्या रेघेवरून नख फिरवा, जिथे सुटल्यासारखं वाटेल तिथे तेवढीच भरा. खालची खोबण मोकळी आहे का बघा. खालच्या कोपऱ्यात रंगाला चीर दिसली तर त्या दिवशीच घासून त्यावर प्रायमर आणि रंग द्या. मग झडप अर्धी उघडून वर उचलून बघा, वरची बिजागरी हलते का.